वाकडा झालेला ट्री: डे-स्टाउट-वॉरन करायचं की ॲरेत काढून नव्याने बांधायचा?

एरंडवणे_सेम३: कॉलेजात वाकडा बायनरी सर्च ट्री जागच्या जागी बॅलन्स करायला डे-स्टाउट-वॉरन शिकवलं. पण इनऑर्डर ॲरेत काढला आणि मधला मधला उचलून परत बांधला तर 15 ओळीत काम होतं, मग आधी बॅकबोन करा नि मग परत दुमडा हा खटाटोप कशाला? तसं डे-स्टाउट-वॉरन म्हणजे डीएसडब्ल्यू 9 नोडवर लिहून बघितलंय, हाइट 4 आली, म्हणजे कोड बरोबरच आहे ना?

हिंजवडी_फेज२: ॲरे कर आणि मोकळा हो. 10 लाख नोड असले तरी नुसत्या पॉइंटरचा ॲरे 8 एमबी होतो, त्याला आज कोण विचारतंय. शिवाय डीएसडब्ल्यू चालू असताना ट्री मधेच पूर्ण सरळ रेघ होते, त्या वेळी दुसऱ्या थ्रेडने सर्च मारला तर एकतर सगळी रेघ चालत बसेल किंवा रोटेशनच्या मधे सापडून असलेली की सुद्धा नाही म्हणून सांगेल. ॲरेतून नवा ट्री शेजारी बांधून शेवटी रूट बदलला की वाचणाऱ्यांना कळतसुद्धा नाही. मला तरी डीएसडब्ल्यू फक्त पेपरात लिहायचा अल्गोरिदम वाटतो.

पर्वती_पायथा: मुळात वाकडा होऊच का द्यायचा, पहिल्यापासून एव्हीएल वापर ना, प्रत्येक इन्सर्टला आपोआप बॅलन्स होतो.

नऱ्हे_सोल्डर: पर्वती, प्रश्न तो नाहीये, त्याच्याकडे ट्री आधीच वाकडा आहे. आणि हिंजवडी, तुमचं सर्व्हरवर बरोबर असेल पण माझ्या टेबलावरच्या बोर्डात सगळी मिळून 20 केबी रॅम आहे. माझी केस सांगतो. 600 नोड, प्रत्येक 16 बाइटचा (की, व्हॅल्यू, लेफ्ट, राइट, चारही 4-4 बाइट), म्हणजे 9600 बाइट तिथेच गेले, स्टॅकला 2 केबी, उरलेली जवळपास सगळी पॅकेट बफरला. की म्हणजे रीडिंगची वेळ, ती वाढतच जाते, त्यामुळे ट्री कायम उजवीकडे लोंबलेला. ॲरेला 2400 बाइट हवे होते ते नव्हतेच, पण त्याच्याही आधी मेलो ते रिकर्सिव्ह इनऑर्डरमुळे. डेप्थ 600, एका फ्रेमला 16 बाइट धरले तरी 9600, आणि स्टॅक 2 केबीचा! बोर्ड गपकन रीसेट व्हायचा, मी दोन दिवस पॉवर सप्लायवर संशय घेत बसलो. म्हणजे ट्री जितका वाकडा तितका रिकर्शनवाला इनऑर्डर धोक्याचा, आणि बॅलन्स करायची गरज नेमकी तेव्हाच असते, हे मला तेव्हा लक्षात आलं नाही. डीएसडब्ल्यूत रिकर्शनच नाही. माझा ट्री तर आधीच बॅकबोन होता, पहिल्या टप्प्यात एकही रोटेशन लागलं नाही.

डेक्कन_संध्याकाळ: सोल्डर यांनी खरं कारण सांगितलं. ॲरे वाचतो हा भाग लहान, स्टॅक लागत नाही हा मोठा. पण एरंडवणे, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाची मला जास्त काळजी वाटते. 9 नोडला हाइट 4 पेक्षा कमी होऊच शकत नाही, त्यामुळे 4 आली यावरून फार काही कळत नाही. रूटवर कोण आलंय ते सांग.

एरंडवणे_सेम३: 1 ते 9 टाकले होते. रूट 8. त्याच्या डावीकडे 4 आणि त्याखाली बरीच, उजवीकडे फक्त 9. सर मी बॅकबोन झाल्यावर सरळ 9/2 म्हणजे 4 रोटेशन, मग 2, मग 1 असं केलं.

डेक्कन_संध्याकाळ: वाटलंच. पहिली पायरी सुटली. आधी फक्त जास्तीची पानं दुमडून घ्यायची असतात म्हणजे बॅकबोनवर 1, 3, 7, 15 असा भरलेल्या ट्रीचा आकडा उरतो. खाली p म्हणजे n+1 च्या आत बसणारी 2 ची सगळ्यात मोठी घात, 9 ला 8. root हा खोटा नोड, त्याच्या राइटला खरा ट्री, नाहीतर दर रोटेशनला रूट बदलतोय ते सांभाळत बसावं लागतं.

```c
m = n + 1 - p;
compress(root, m);
for (n -= m; n > 1; n /= 2)
    compress(root, n / 2);
```

compress म्हणजे बॅकबोनवरून खाली जात एकाआड एक नोडवर लेफ्ट रोटेशन, दिलेल्या आकड्याइतकीच. तुझ्याकडे m = 2. पहिल्या फेरीत 2 वर येतो आणि 1 त्याच्या डावीकडे जातो, तसंच 4 वर, 3 डावीकडे. बॅकबोन राहिला 2, 4, 5, 6, 7, 8, 9. सात. आता 3 रोटेशन: 4 वर येतो आणि 2 खाली जातो, जाताना 4 चं डावं पोर 3 हे 2 च्या उजवीकडे लागतं, मग 6 खाली 5, 8 खाली 7. बॅकबोन 4, 6, 8, 9. शेवटचं एक रोटेशन, 6 वर, 4 खाली, आणि 5 जातो 4 च्या उजवीकडे. झालं, रूट 6, डावीकडे 4, उजवीकडे 8, तळाला 1 आणि 3 डावीकडून भरलेले. एकूण 6 रोटेशन.

तुझ्या ट्रीत तिसऱ्या पातळीवर फक्त 2 आणि 6 आहेत, चार हवेत. सगळ्या नोडची खोली बेरीज करून बघ, रूटला 1 धरून: तुझी 27 येते, बरोबर ट्रीची 25. आणि 8 नोड घेऊन तुझाच कोड चालव, रूट 8 येईल आणि उजवी बाजू पूर्ण रिकामी, तरी हाइट 4 च! म्हणून टेस्टमधे हाइट तपासू नकोस, शेवटची सोडून प्रत्येक पातळी भरली आहे का ते तपास.

हिंजवडी_फेज२: पानांचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण बघा, ही चूक ॲरेवाल्या पद्धतीत होऊच शकत नाही. आणि थ्रेडच्या मुद्द्यावर कोणी बोललं नाही.

डेक्कन_संध्याकाळ: तो मुद्दा बरोबर आहे, डीएसडब्ल्यू चालू असताना लॉक लागणारच. कोलिन डे यांची पद्धत 1976 ची, स्टाउट आणि वॉरन यांनी 1986 मधे ती सुधारून जादा जागा स्थिर आणि वेळ नोडच्या प्रमाणात इतकी आणली. वाचणारे सतत असतील तिथे मीही शेजारी दुसरा ट्री बांधेन. पण मग नोडची कॉपी होते, आणि बाहेर कुणी जुन्या नोडचा पॉइंटर धरून बसलं असेल तर ते तुम्हाला निस्तरावं लागतं.

नऱ्हे_सोल्डर: एक विचारतो. बॅकबोन म्हणजे शेवटी सॉर्टेड लिस्टच ना? तर पहिला टप्पा डीएसडब्ल्यूचा घ्यायचा आणि दुसरा रिकर्सिव्ह, लिस्टमधून अर्धे अर्धे बांधत जायचं. 600 ला डेप्थ 10, इतकं माझ्या स्टॅकलाही झेपतं. पानांचा हिशोबच नको. मी सध्या तेच चालवतोय, रात्री एकदा, रीडिंग थांबवून.

डेक्कन_संध्याकाळ: चालतं. हाइटही कमीत कमीच येते, फक्त तळ डावीकडून भरलेला नसतो. तरी मी compress ठेवेन, रोटेशन आधीच लिहिलेलं आहे आणि स्टॅकचा विचारच करावा लागत नाही.

नऱ्हे_सोल्डर: मला मधून अर्धे करणं डोळ्यांना दिसतं, सहा महिन्यांनी कोड उघडला तरी कळतं. मी नाही बदलणार.

एरंडवणे_सेम३: m वाली ओळ टाकली, रूट 6 आला, बेरीज 25. आता 1 ते 100 सगळ्या n वर पातळ्या मोजणारी टेस्ट लावतोय.