सातवा महिना, कुल्ल्यात कळ: मालिश, कायरोप्रॅक्टर की सुया? मदत हवी आहे

सुरंगी:
नमस्कार. गुहागरजवळ एका वाडीत सासरी आहे. २७ वा आठवडा चालू, पहिलीच खेप. रक्त, बीपी, साखर सगळं ठीक. सोनोग्राफीत वार पुढच्या भिंतीला, वरच्या बाजूला आहे.

तीन आठवडे झाले, उजव्या कुल्ल्यात कळ येते. कमरेखाली पाठीला खळी पडते ना, बरोबर तिथे. सपाटीवर चालताना फारसं काही नाही, पण रात्री कूस बदलताना डोळ्यांत पाणी येतं. उभ्याने सलवार घालायला एक पाय उचलला की जांघेच्या मधोमध हाड सरकल्यासारखं वाटतं. माडीवर जायचा जिना बंदच केलाय.

सासूबाई म्हणतात, वरच्या वाडीतल्या आजींना बोलावू. त्या पूर्वी सुईणपण करायच्या. कोमट खोबरेल लावून पाठ, पाय आणि पोट चोळतात, "बाळ सरळ करून देते" म्हणतात. नणंदेचे यजमान म्हणतात मुंबईला कायरोप्रॅक्टरकडे चल, एका झटक्यात हाड बसवतो. आणि चिपळूणची मैत्रीण ॲक्युपंक्चर सुचवतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या दिवसांत होतं असं. पुढे विचारायला धीर झाला नाही, बाहेर रांग होती.

माडाची सावली:
मालिश हवीच गं. मला सव्वा महिना रोज तेल, मग शेक, मग पोट बांधणं. कंबर आजही ठणठणीत आहे.

सुरंगी:
ताई, ती बाळंतिणीची. माझं बाळंतपण व्हायचंय अजून.

रातांबा:
पहिल्या तीन महिन्यांत मालिश केली तर गर्भ पडतो. सातव्यापासून सगळं चालतं, बिनधास्त करा. फक्त पालथं झोपू नका.

खाजणातला बगळा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, रत्नागिरी भागातच काम करते. रातांबा, पालथं न झोपण्याचं बरोबर, बाकी अर्धंच. मालिशीने गर्भ पडल्याचा पुरावा नाही. पहिल्या तिमाहीत गर्भपात तसेही जास्त होतात आणि मग बोट मालिशवालीकडे जातं, म्हणून बरेच जण तेव्हा हात लावत नाहीत. उलट "सातव्यापासून सगळं चालतं" हे धोक्याचं आहे.

सुरंगी, कूस बदलताना, जिन्यावर आणि एका पायावर उभं राहताना कळ, म्हणजे हे बहुधा ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांचं दुखणं. मागे कुल्ल्याशी एक सांधा, पुढे जांघेच्या मधोमध दुसरा. गरोदरपणात तिथले बंध सैलावतात, भार दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही आणि आजूबाजूचे स्नायू आखडून धरतात. हाड जागचं हललेलं नसतं, त्यामुळे बसवायचंही काही नसतं.

आता आजी. त्यांना जरूर बोलवा, पण डाव्या कुशीवर झोपून. गुडघ्यांमध्ये जाड उशी, पोटाखाली घडी केलेली गोधडी. उताणं फार वेळ पडू नका, गर्भाशयाचा भार पाठीतल्या मोठ्या शिरेवर येतो आणि गरगरतं. खांदे, पाठ आणि कुल्ल्याचा मांसल भाग तळहाताने, १५-२० मिनिटं पुष्कळ झाली. अंगठा किंवा कोपर रोवायचा नाही. तेल आधी स्वतःच्या मनगटावर बघायचं.

पोटाला मात्र हात नाही. तुमची वार पुढे आहे, म्हणजे पोट दाबलं की हात थेट वारेवर. जोरात दाबलं तर ती सुटू शकते. आणि २७ व्या आठवड्यात बाळ आडवं असलं तरी बिघडत नाही, ते अजून बरेचदा फिरणार आहे. ३६-३७ व्या आठवड्यानंतरही पायाळू असेल तर डॉक्टर बाहेरून फिरवून बघतात, पण दवाखान्यात, सोनोग्राफी करून, ठोके मोजत, आणि गरज पडली तर लगेच सिझेरियन करता येईल अशा ठिकाणी.

घरातली दुखण्याची जेलही तपासा. डायक्लोफेनॅक असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

पोफळी:
पोटऱ्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मला आठव्या महिन्यात डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखायला लागलं. आईने दोन दिवस रगडून तेल लावलं. तिसऱ्या दिवशी तो पाय दुसऱ्यापेक्षा जाड आणि गरम. शिरेत गुठळी निघाली. बाळंतपणापर्यंत आणि नंतरही पोटात इंजेक्शनं घेतली.

खाजणातला बगळा:
बरं झालं लिहिलंत. गरोदरपणात रक्त लवकर गोठतं, आणि गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. दोन्ही पायांना संध्याकाळी सारखी सूज येणं वेगळं. एकच पाय सुजला, गरम झाला, पोटरी दुखली तर तेल नाही, त्याच दिवशी दवाखाना. एरवीसुद्धा पोटरीवर आणि मांडीच्या आतल्या बाजूला नुसता हलका हात.

बंदरावरचा:
आणि कायरोप्रॅक्टर? माझी मानदुखी एका बैठकीत गेली.

खाजणातला बगळा:
गेली असेल. तो कडकन आवाज सांध्यातल्या वायूचा असतो, हाड बसल्याचा नव्हे. गरोदरपणात हळुवार पद्धती वापरणारेही असतात आणि इजा झाल्याच्या नोंदी थोड्याच आहेत, पण फायद्याचा पुरावाही तुटपुंजा. सैल बंधांना झटका देणं मला पटत नाही. मानेला तर नकोच, तिथली रक्तवाहिनी क्वचित फाटते. आपल्याकडे या धंद्याला सरकारी नोंदणी परिषद नाही, त्यामुळे समोरचा किती शिकलाय हे कळायला मार्ग नाही. शिवाय सहा-सात तास गाडीत बसून मुंबई गाठायची, याच दुखण्यासाठी?

वेंगुर्लेकर तात्या:
सुयो टोचून घेव नको गे बाय. पोटुश्या बाईक सुयो कशाक?

खाजणातला बगळा:
तात्या, तिन्हींमध्ये या दुखण्यावर बरा पुरावा सुयांचाच आहे. स्वीडनमध्ये ३८६ गरोदर बायकांवर अभ्यास झाला, २००५ साली छापून आला. काहींना नेहमीचे उपचार, काहींना त्याबरोबर सुया, काहींना त्याबरोबर सांधा स्थिर करणारे व्यायाम. सुया आणि व्यायाम, दोन्ही गट नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा बरे राहिले. पण सुया आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे होत्या. गुहागर-चिपळूण बारा खेपा, खड्ड्यांसकट. तो हिशोब तुमचा तुम्ही करा.

गेलातच तर प्रत्येक वेळी पाकीट समोर फोडायला लावा, सुई एकदाच वापरायची. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरची परिषद आहे, नोंदणी विचारा.

रातांबा:
अंगठा आणि तर्जनीमधला बिंदू आणि घोट्याच्या वरचा, हे दोन टोचले तर कळा सुरू होतात. हे तरी मान्य करा.

खाजणातला बगळा:
जुन्या ग्रंथांत ते वर्ज्य आहेत. अभ्यासांत तसं नुकसान दिसलेलं नाही. ३७ आठवड्यांआधी ते टाळा असं मी सांगते, पण माझ्या ओळखीचे दोन चांगले ॲक्युपंक्चरवाले यावर आजही भांडतात.

सुरंगी:
दहा दिवसांनी लिहितेय. डॉक्टरीणबाईंना या वेळी नीट सांगितलं, त्यांनी चिपळूणला फिजिओकडे पाठवलं. कंबरपट्टा मिळालाय. सलवार पलंगावर बसून घालते. कूस बदलताना गुडघे जुळवून, मधे उशी दाबून वळते, त्याने रात्रीचं निम्मं दुखणं गेलं. आजी दोनदा आल्या. पोटाकडे हात गेलाच त्यांचा. मी म्हटलं, वार पुढे आहे, डॉक्टरांनी मनाई केलीय. जरा फुरंगटल्या, पण खांदे असे चोळले की मी तिथेच झोपले. सुयांचं अजून ठरत नाही. पट्टा रात्रीही बांधायचा का?

खाजणातला बगळा:
नाही, उठून कामाला लागताना बांधा, आडवं होताना काढा. पोटाच्या खाली, कुल्ल्यांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. रक्तस्राव, पोट ठरावीक अंतराने कडक होणं, पाणी जाणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर हा धागा उघडत बसू नका, सरळ दवाखान्यात फोन करा.

माडाची सावली:
आणि बाळंतपण झालं की मग सांग, शेकाचं सगळं सविस्तर लिहीन.