‘काय झाडी’ शिळी झाली, आता काय? तुमचे अनुभव लिहा

पानशेतवाली: पानशेतजवळ आमचं मुक्कामाचं छोटं घर आहे. 2022 च्या जुलैत मी लिहिलं होतं, “काय झाडी, काय डोंगार, काय धरण! सगळं ओक्के हाय!” तेव्हा लोकांना फार आवडलं. यंदा पावसाळ्याआधी तेच पुन्हा टाकणार होते, तर भाचा म्हणाला, “मावशी, हे आता आमचे सर वर्गात बोलतात.” तुम्ही अशा वेळी काय केलंत?

बावधनचा बंड्या: सोपं आहे. सध्या जी रील चालू असेल तिचा डायलॉग टाकायचा. आमच्या दुकानासाठी मी तेच करतो. फक्त एकदा फ्लेक्स छापून येईपर्यंत डायलॉगच उतरला होता.

जुनी कॉपीरायटर: बंड्या, म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा हाच प्रश्न.
‘काय झाडी’च्या त्या मूळ फोनमध्ये हसू का आलं ते बघा. राज्यात सरकार पडायला आलेलं आणि सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू गुवाहाटीहून निवांत निसर्गवर्णन करतायत. गंमत त्या विसंगतीत होती. तुमच्याकडे झाडी-डोंगर खरेच आहेत, म्हणजे विसंगती नाहीच. लोक हसले ते फक्त वाक्य ओळखीचं होतं म्हणून.
मी आधी उसने शब्द खोडते आणि उरलेलं वाचते. काहीच उरलं नाही तर डागडुजी न करता नवं लिहिते. तुमच्याकडे येऊन पाहुणे कशावर कुरकुरतात?

पानशेतवाली: नेटवर्कवर! गोठ्यामागच्या दगडावर उभं राहिलं तरच एक काडी येते. रविवारी तिथे रांग असते.

जुनी कॉपीरायटर: मग झालं की. “झाडी आहे. डोंगर आहे. नेटवर्क गोठ्यामागच्या दगडावर आहे, रांग लावावी.” ठेका तोच ठेवलाय. जुनं आठवणाऱ्याला ते आठवेल, न आठवणाऱ्यालाही दगड कळेल. उद्गारचिन्हं आणि हसरे चेहरे मात्र काढा. ‘हसा’ म्हणून कोपर मारल्यासारखं होतं.

सिंहगड रोड: मी जुनीच पोस्ट एडिट केली होती. इन्स्टाग्रामवर खालचा मजकूर बदलला, पण फोटोवर छापलेली ओळ तशीच राहिली. शिवाय खाली लोकांचे जुने “ओक्के हाय”. नवा माणूस वाचून गोंधळायचा. शेवटी नवीनच टाकली.

पेठकर: माझं निराळंच. बायको म्हणते मी ‘विषय हार्ड’ म्हणू नये. वय 54. म्हणू का?

जुनी कॉपीरायटर: घरी म्हणा, दुकानाच्या पाटीवर नको.

नळस्टॉप: ‘रांग लावावी’ म्हणजे पुणेरी पाटीच झाली. ती काय कमी शिळी आहे?

पानशेतवाली: भाचाही तेच म्हणाला, ‘लावावी’ काढ. मी ठेवलंय. काल टाकलं, आत्तापर्यंत दोघांनी विचारलं, दगडाचं बुकिंग वेगळं करायचं का.