मदत हवी आहे: फ्रेंच कथेतलं झुरळ, 'मोठं काळीज' आणि बसमधली मळमळ

अनघा_प

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी फ्रेंचमधली एक छोटी कथा मराठीत आणते आहे. हक्कांचं बोलणं अजून चालू आहे, म्हणून कथेचं नाव देत नाही. नवरा सोडून गेल्यावर मार्सेयमधली एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन रात्रीच्या बसने माहेरी, नॉर्मंडीला निघते, एवढीच गोष्ट. भाषा अगदी घरगुती आहे आणि नेमकी तिथेच मी अडकले आहे. 'सालाद सांगणे' म्हणजे थापा मारणे, हे कळलं. पुढच्या चार जागा मात्र सुटत नाहीत.

पहिली. बाई बहिणीला फोनवर म्हणते, 'झे ल काफार' रविवारपासून. काफार म्हणजे झुरळ. उदास वाटणे हा अर्थ कोशात मिळाला, पण 'मी उदास आहे' असं आपल्याकडे बहिणीला फोनवर कोण सांगतं?

दुसरी. बस सुटताना तिच्याबद्दल लेखक लिहितो, 'एल आव्हे ल कर् ग्रो'. शब्दशः, तिचं काळीज मोठं होतं. मी 'ती मोठ्या मनाची होती' असं लिहिलं आहे, पण त्या प्रसंगात ते बसत नाही.

तिसरी. माहेरच्या बाजारात सफरचंदांच्या गाड्यापाशी आजी 'तोंबे दां ले पोम', म्हणजे सफरचंदांत पडते. इथे खरोखर पडते की हा वाक्प्रचार आहे?

चौथी सगळ्यात अवघड. बसमध्ये मुलगा म्हणतो, 'मामाँ, झे माल ओ कर्'. आई खिडकीबाहेर बघत म्हणते, 'म्वा ओसी', मलाही. परिच्छेद तिथेच संपतो. मुलाचं हृदय दुखतंय? सहा वर्षांच्या मुलाचं?

महिनाअखेरीला मजकूर द्यायचा आहे. जाणकारांनी मदत करावी.

जुनी_पेठ

अनघाताई, मी बरीच वर्षं फ्रेंच शिकवलं आहे. एकेक घेऊ.

झुरळाच्या बाबतीत नाम बघू नका, त्याच्याआधीचं उपपद बघा. 'झे अँ काफार' म्हटलं तर माझ्याकडे एक झुरळ आहे. 'झे दे काफार' म्हटलं तर घरात झुरळं झाली आहेत, औषध मारायला माणूस बोलवा. आणि 'झे ल काफार' म्हटलं की झुरळ गेलं, उरली ती मनाची अवस्था. कुठल्या झुरळाबद्दल बोलणं चाललंय हे आधी आलेलं नसताना अचानक 'ल' आला, तर कान टवकारायचे. सफरचंदांनाही हीच कसोटी लावून पाहता येते, तिकडे येतेच.

हा शब्द आधी ढोंगी धार्मिक माणसासाठी होता. मग शाळेत चहाड्या करणाऱ्या पोराला तो चिकटला आणि 'काफार्दे' हे चहाडी करण्याचं क्रियापद आजही चालतं. उदासीचा अर्थ नंतरचा. उत्तर आफ्रिकेत घरापासून लांब, रोज तेच वाळवंट बघत पडलेल्या फ्रेंच सैनिकांच्या तोंडी तो फार होता. ही पार्श्वभूमी भाषांतराला उपयोगी पडेल. हे नैराश्याचं दुखणं नाही आणि मोठं दुःखही नाही. तुमच्या बाईच्या तोंडी मी 'रविवारपासून करमतच नाहीये गं' असं घालीन.

दुसऱ्या जागी मात्र अर्थ उलटा झाला आहे. आपल्याकडे मन मोठं म्हणजे उदार. फ्रेंचमध्ये काळीज 'ग्रो' झालं म्हणजे ते रडण्याने फुगलं, आता फुटेल. उदार माणसासाठी तिकडे 'ल कर् स्यूर ला मँ' म्हणतात, काळीज तळहातावर. तेव्हा तुमच्या वाक्यात 'तिला भरून आलं होतं' हवं.

मीच_तो

चौथं सोपं आहे. माल म्हणजे दुखणं, कर् म्हणजे हृदय. मुलगा बापाची आठवण काढतोय, त्याचं मन दुखतंय. आईचंही दुखतंय. म्हणून 'मलाही'. 'आई, मला वाईट वाटतंय.' 'मलाही.' यात अडकण्यासारखं काय आहे? मी पॅरिसमध्ये लोकांना हा शब्दप्रयोग दुःखाने वापरताना ऐकलंय.

तुलूझकर

मीच_तो, असं नाही हो. 'झे माल ओ कर्' म्हणजे मला मळमळतंय, उलटी होईलसं वाटतंय. गाडी लागलेल्या मुलाचं हे रोजचं वाक्य आहे.

हे मुद्दाम लिहितोय, कारण यातून जिवावर बेतू शकतं. आमच्या ओळखीचे एक काका मुलाकडे आले होते. एका संध्याकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारी कोणी मराठी नव्हतं. थोडंफार फ्रेंच शिकून आलेल्या काकांनी फोनवर 'माल ओ कर्' सांगितलं. समोरून विचारलं, उलटी झाली का, काय खाल्लं होतं. काका नाही म्हणाले, तर थोडं पाणी घेऊन पडून राहायला सांगितलं. सून घरी आली, त्यांनी डाव्या हाताकडे बोट दाखवलं, तेव्हा पुढची धावपळ झाली. वाचले, आता बरे आहेत.

छातीत दुखत असेल तर 'झे माल आ ला प्वात्रिन' म्हणायचं. प्वात्रिन म्हणजे छाती. फ्रान्समध्ये वैद्यकीय तातडीसाठी 15 आणि सगळ्या युरोपात 112. आई-वडील येणार असतील त्यांनी हे वाक्य कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

जुनी_पेठ

तुलूझकरांचं बरोबर आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'कर्' पोटाच्या वरच्या भागालाही म्हणत, तो अर्थ या प्रयोगात टिकून राहिला. उमासा येण्यालाही 'ओ-ल-कर्' असंच म्हणतात.

पण मीच_तो, तुम्ही ऐकलंत तेही खोटं नाही. तुम्ही बहुधा 'सा म फे माल ओ कर्' ऐकलं असणार. क्रियापद बदललं की अर्थ पोटातून मनात जातो. शिळा झालेला पाव टाकताना फ्रेंच आजी हेच म्हणते, आपल्या भाषेत 'टाकायला जिवावर येतं'. म्हणजे 'आव्वार' असेल, 'झे' हे त्याचंच रूप, तर मळमळ आणि 'फेर' असेल, 'फे' हे त्याचं रूप, तर जीव तुटणं. शंका आली तर cnrtl.fr वर coeur टाकून बघा. नोंद लांबलचक आहे, पण शरीराचे अर्थ आणि मनाचे अर्थ वेगळे लावलेले आहेत.

आता अनघाताईंच्या परिच्छेदाकडे. मुलगा 'आव्वार' वापरतो, म्हणजे त्याला बस लागली आहे. लेखकाने दोन पानं आधी आईचं काळीज 'ग्रो' करून ठेवलं आहे. त्यामुळे तिचं 'मलाही' वाचताना वाचकाला मळमळ आणि दुःख दोन्ही ऐकू येतं. मुलाला मात्र एकच ऐकू येतं. कथेचं सगळं वजन त्या दोन शब्दांवर आहे. 'मळमळतंय' लिहिलंत तर आई जाते आणि 'वाईट वाटतंय' लिहिलंत तर मुलगा जातो.

डेल्फवाली

मस्त धागा! माझी डेल्फ बी-टू पुढच्या महिन्यात आहे. निबंधात असे वाक्प्रचार घातले तर मार्क वाढतात का? मी वीस पाठ केलेत. नगरपालिकेला तक्रारीचं पत्र आलं तर 'झे ल काफार' कुठे घालता येईल?

जुनी_पेठ

नगरपालिकेच्या पत्रात नको. ते घरगुती बोलणं आहे, परीक्षकाला खटकेल. मित्राला पत्र असेल तर एखादा चालेल. वीसांऐवजी पाच घ्या, पण कोणाशी बोलताना वापरायचे ते नीट ठाऊक असलेले. त्यात 'आव्वार युन दाँ काँत्र' जरूर घ्या. एखाद्याविरुद्ध दात असणे. आपल्या 'दात धरणे'शी तो जुळतो, म्हणून विसरणार नाही. इतकी जुळणारी जोडी फार कमी वेळा मिळते.

माँरेयालहून

क्युबेकमध्ये राहते. इथे त्याच 'कर्'वरून झालेला 'एकरां' शब्द ऐकाल. फ्रान्समध्ये त्याचा अर्थ किळसवाणं, ओकारी आणणारं. इथेही तसा वापरतात, पण जेवण भन्नाट झालं तरी तोच शब्द. मी केलेल्या पुरणपोळीला शेजारणीने 'एकरां' म्हटलं आणि दुसरी मागून घेतली. दुसरी मागितली नसती तर मला कळलंच नसतं. अनघा, तुझा लेखक फ्रान्सचाच आहे ना? क्युबेकचा असेल तर बाकीचं सगळं पुन्हा तपासावं लागेल.

अनघा_प

लेखक फ्रान्सचाच आहे, ताई. जुनी_पेठ, तुलूझकर, खूप आभार. पहिल्या दोन जागा मी बदलल्या. 'करमत नाहीये' वाचल्यावर ती बाईच डोळ्यांपुढे आली.

आजीचं राहिलं. 'दां ले पोम' मध्येही उपपद आहेच, पण तिथे गाड्यावर खरी सफरचंदं आहेत, त्यामुळे तुमची कसोटी लागू होत नाही ना? पुढच्या वाक्यात कोणीतरी तिच्या तोंडावर पाणी मारतं.

जुनी_पेठ

बरोबर पकडलंत. सफरचंदं आधी समोर आलेली असतील तर 'ले' त्यांनाही लागू शकतं, तिथे माझी कसोटी थकते. मग पुढचं वाक्य बघायचं. पाणी मारलं म्हणजे शुद्ध हरपली, म्हणजे वाक्प्रचार. फळं गडगडली, विक्रेता ओरडला असं असतं तर खरं पडणं. लेखकाने ती जागा मुद्दाम गाड्यापाशी ठेवली असेल तर 'आजी सफरचंदांच्या गाड्यापाशी भोवळ येऊन कोसळली' एवढं पुरे. ती गंमत मराठीत पूर्ण येणार नाही, हट्ट धरू नका.

वाचनवेडी

मला फ्रेंच येत नाही, पण मराठीचं सांगते. बसमधल्या वाक्यासाठी 'पोटात ढवळतंय' कसं वाटतं? 'आई, माझ्या पोटात ढवळतंय.' 'माझ्याही.' गाडी लागल्यावर मुलं हेच म्हणतात आणि मोठ्या माणसाच्या पोटात ढवळलं की आपण फक्त जेवणाचा विचार करत नाही. आपल्याकडेही दुःख पोटातच असतं. पोटात तुटतं, पोटात कालवतं.

तुलूझकर

छान आहे. पण सहा वर्षांचा मुलगा 'ढवळतंय' म्हणेल का? माझा पुतण्या 'कसंतरी होतंय' म्हणतो. 'आई, कसंतरी होतंय.' 'मलाही.' हे जास्त सहज वाटतं.

वाचनवेडी

'कसंतरी' मध्ये उलटी दिसत नाही. वाचकाला वाटेल मुलगा घाबरलाय. मग मीच_तो म्हणत होते तसंच झालं.

मीच_तो

मी माझं म्हणणं मागे घेतो, पण 'कसंतरी' मलाही पटत नाही. मुलगा आधी काहीतरी खातो का कथेत?

अनघा_प

हो, बस सुटल्यावर लगेच आजोबांनी दिलेला सॉसेजचा तुकडा खातो. आईने 'आता नको' म्हटलेलं असतं.

जुनी_पेठ

मग उलटीची सोय लेखकानेच करून ठेवली आहे. सॉसेजचं वाक्य नीट उतरलं तर 'कसंतरी'ही चालेल. तरी माझा कल 'ढवळतंय'कडे आहे. दोन्ही लिहून, मूळ फ्रेंच न वाचलेल्या कोणाला तरी तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा आणि मुलाला काय होतंय असं विचारा.

अनघा_प

उद्या आईला वाचून दाखवते. ती काय म्हणते ते इथेच लिहीन. तोवर आणखी कोणाला काही सुचलं तर जरूर सांगा. 'मलाही' ठेवायचं की 'माझ्याही', यावरही माझं अजून ठरत नाहीये.