उपाशीपोटी दिलेला निकाल: दोष भुकेचा की क्रमाचा?

जिज्ञासू: इस्रायलमधील न्यायाधीशांच्या २०११ च्या अभ्यासात पॅरोलमंजुरीचे प्रमाण खाण्याच्या सुट्टीनंतर सुमारे ६५ टक्के होते आणि पुढच्या सुट्टीपर्यंत ते शून्याजवळ उतरले. भुकेमुळे माणूस घाईने चुकीचा निर्णय घेतो, हे यातून सिद्ध होते का?

सह्यवासी: माझ्या मते होते. पोट रिकामे झाले की रक्तातली साखर उतरते, मेंदू थकतो आणि सोपा मार्ग धरतो. न्यायाधीशासाठी सोपा मार्ग म्हणजे नकार, कारण कैदी आतच राहिला तर कोणी जाब विचारत नाही.

जुना वकील: नकार सोपा असतो हे खरे, पण तेवढ्यावरून दोष भुकेवर टाकता येणार नाही. ज्यांना वकील नाही अशा कैद्यांची प्रकरणे सहसा सत्राच्या शेवटी घेतली जात, आणि त्यांचे अर्ज एरवीही अधिक फेटाळले जातात, हा आक्षेप त्याच वर्षी घेतला गेला. शिवाय मंजुरीच्या सुनावणीला सरासरी सात मिनिटांहून अधिक वेळ लागे, नकाराला पाचच्या आसपास. सुट्टीला सहा मिनिटे उरली असतील, तर लांबणारे प्रकरण सुट्टीनंतर घेतले जाईल आणि झटपट निकाली निघणारे आत्ता. मग न्यायाधीश तृप्त असला तरी शेवटच्या जागी नकारच साचतील.

मालतीताई: कोर्टाचे मला कळत नाही, पण आमचे हे मधुमेही आहेत, इन्सुलिन घेतात. एकदा जेवायला उशीर झाला तेव्हा रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून असे भांडले की मला ओळखू येईनात. कपाळावर घाम, हात थरथरत होते, साखर मोजली तर ५८. साखरपाणी दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत शांत झाले आणि "मी काय बोललो?" असे मलाच विचारू लागले.

जुना वकील: ताई, तुम्ही वेळीच साखर दिलीत हे फार बरे केलेत. मात्र तिथे साखर इन्सुलिनमुळे उतरली होती. निरोगी माणसाचे एक जेवण चुकले तर यकृत रक्तात साखर सोडत राहते, म्हणून सह्यवासींचे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. तरीही चिडचिड खोटी नव्हे. अमेरिकेतील २०१९ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांचा संगणक मुद्दाम बंद पाडून ठपका त्यांच्यावरच ठेवला. तेव्हा उपाशी विद्यार्थी अधिक वैतागले, पण ज्यांना आधी भावनांविषयी लिहायला लावले होते त्यांच्यात तसे दिसले नाही. म्हणजे पोटातली अस्वस्थता समोरच्या माणसामुळेच आहे असे वाटते, तेव्हा तिचा राग होतो.

सह्यवासी: साखरेबद्दलचे म्हणणे मी मागे घेतो. पण मग भारत आणि पाकिस्तानातील न्यायाधीशांवरील २०२३ च्या संशोधनाचे काय? रमजानमध्ये उपवासाचे तास वाढले तसे मुस्लिम न्यायाधीशांनी आरोपींना अधिक वेळा निर्दोष सोडले.

जुना वकील: रोजा स्वतःहून धरलेला असतो आणि पोट का कुरकुरते ते ठाऊक असते, हे एक कारण असू शकेल.

सह्यवासी: किंवा तो परिणाम श्रद्धेचा असेल, भुकेचा नसेलच. या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढल्याशिवाय तुमचे उत्तर मला मान्य नाही.