शब्दचर्चा: ‘पोच भाव’, ‘सूट’ आणि ‘अलाउन्स’ला मराठीत काय म्हणावं?

भावपत्रकवाली, जळगाव

आमच्या कारखान्यात पीव्हीसी पाइप बनतात. विक्रेत्यांना दर हंगामाला भावपत्रक जातं आणि आजवर ते इंग्रजीतच जायचं. यंदा मालक म्हणाले, मराठीत काढ, निम्मे भांडणं न वाचल्यामुळे होतात. तीन जागी अडले आहे. भाड्यासकट दुकानात पडणारा भाव, यादीभावावरची ‘ट्रेड डिस्काउंट’ आणि ‘अलाउन्स’. शेवटच्याला शब्दकोशात ‘भत्ता’ मिळाला. पण भत्ता म्हटलं की मला एस.टी.च्या कंडक्टरचा आठवतो.

रावेरकडचा

ताई, ‘पोच’ म्हणजे माल मिळाल्याची सही ना? केळीची गाडी भरून गेली की पोच यायला आठ-आठ दिवस लागतात. आली तरी वजनात कटती लावलेली असते. तुमच्या विक्रेत्यांना पोच द्यायची असेल तर सरळ पावतीबुक छापा.

जुना मुनीम

दादा, ती पोचपावती. ताई विचारताहेत ‘पोच भावा’बद्दल. पण तुमच्या केळीतच त्यांचं उत्तर आहे. तुम्ही सौदा करता तो बांधावरचा भाव. तिथून पुढचं भाडं घेणाऱ्याच्या डोक्यावर. तोच माल दिल्लीच्या आडतीत टेकवून द्यायचं ठरलं तर तो झाला पोच भाव. पाइपाचंही तसंच. कारखान्याच्या फाटकावर ‘एक्स’, विक्रेत्याच्या दारात ‘एफओआर’. आमचे विक्रेते त्याला नुसतं ‘फॉर’ म्हणायचे, ‘शहादा फॉर काय पडेल?’ असं. तीस वर्षं हिशेब लिहिले, ‘सुपुर्द किंमत’ हा पुस्तकी शब्द एकाही माणसाच्या तोंडून ऐकला नाही.

फक्त पत्रकात ‘पोच’ लिहिलंत तर एक ओळ वाढवा: वाटेत पाइप फुटला तर कोणाचा. पोच म्हटल्यावर विक्रेता धरून चालतो की दारात उतरेपर्यंत जबाबदारी कारखान्याची. मालकांच्या मनात तसं नसेल तर भांडण त्या एका शब्दावरून होणार.

वाणिज्याचे सर, धुळे

दुसऱ्या शब्दासाठी पाठ्यपुस्तकातला ‘व्यापारी कसर’ वापरा. लवकर पैसे भरणाऱ्याला द्यायची ती ‘रोख कसर’. दोन्ही कसर खात्यात नावे पडतात, त्यामुळे एकच ‘कसर’ लिहिलं तरी चालेल. आणि यादीभावावर ४० टक्के, वर हंगामाचे ५ असतील तर सरळ ४५ टक्के छापा, वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

जुना मुनीम

सर, शब्द बरोबर आहेत, पण दोन ठिकाणी हरकत घेतो.

व्यापारी कसर वहीत येतच नाही. यादीभाव दोन लाख, त्यावर ४० टक्के टीडी, म्हणजे विक्री लिहायची ती एक लाख वीस हजाराची. वजा झालेले ऐंशी हजार कुठल्याच खात्यात बसत नाहीत, कारण तो भाव कधी कोणी दिलेलाच नसतो. यादी वर्षभर तीच ठेवायची आणि भाव टीडीने वर-खाली करायचा, एवढंच त्या यादीचं काम. पीव्हीसीचा कच्चा माल महिन्यातून दोनदा हलला तर दर वेळी यादी कोण छापणार? सीडी, म्हणजे तुमची रोख कसर, वेगळी. ती पैसे वेळेत आले तरच मिळते, म्हणून तिला खातं लागतं. पूर्वी आम्ही तिला ‘वटाव’ लिहायचो. हुंडी वटवणं, चेक वटणं यातला तो शब्द, पैशाशी आणि मुदतीशी जोडलेला. दोघींना एकच ‘कसर’ म्हटलंत तर विक्रेता महिन्याने पैसे भरूनही सीडी मागेल.

दुसरं, ४० आणि ५ मिळून ४५ होत नाहीत. दोन लाखांचे ४० टक्क्यांनी एक लाख वीस हजार, त्यावर ५ टक्क्यांनी एक लाख चौदा हजार. म्हणजे एकूण सूट ४३ टक्के. ४५ छापलं तर एका गाडीमागे चार हजार गेले.

शहादेकर

मी विक्रेता आहे, तुम्ही ज्यांच्यासाठी पत्रक काढताय त्यातलाच. आम्हाला कसर, वटाव काही लिहू नका. टीडी-सीडी लिहा, दुकानातल्या पोऱ्यालाही कळतं. माझं दुखणं वेगळं आहे. गल्लीतलं म्हातारं गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही, ‘भाडं कोन भरी?’ एवढंच विचारतं. तेच मी कारखान्याला विचारतो तर उत्तर येतं, ‘सगळ्या खान्देशात एकच पोच भाव.’ मग भुसावळवाल्याला जास्त सूट मिळते असं कानावर कसं येतं?

जुना मुनीम

भाऊ, त्याला मिळते ती बहुतेक सूट नाही, भाडं आहे. आकडे समजुतीपुरते धरतो.

कारखान्याला फाटकावर एका गाडीचे १,१०,००० हवेत. भाडं भुसावळला १,५००, धुळ्याला ३,६००, शहाद्याला ६,९००. तिन्हीकडे सारख्याच गाड्या जात असतील तर सरासरी ४,०००. म्हणून सगळ्यांना एकच पोच भाव, १,१४,०००. पत्रकावर तिघं सारखे. भाडं वजा जाता कारखान्याच्या हातात मात्र भुसावळच्या गाडीचे १,१२,५०० राहतात आणि तुमच्या गाडीचे १,०७,१००. म्हणजे तुमच्या भाड्याचा वाटा भुसावळवाला भरतोय. एकच पोच भाव याचा अर्थ एवढाच.

आता भुसावळवाला हुशार. त्याचा टेम्पो जळगावला दुसरा माल टाकून रिकामा परततो. तो म्हणतो, ‘माल मी उचलतो, भाड्याचे चार हजार वजा करा.’ सेल्सवाला खुशीत देऊन टाकतो, कारण हिशेबात भाडं चार हजारच धरलेलं असतं. पण कारखान्याचे वाचले किती? दीड हजार. अडीच हजार गेले. ते कोणी खाल्ले नाहीत, तुमच्या आणि धुळ्याच्या भाड्यात तेवढीच तूट पडली. उरलेल्या दोन गावांची सरासरी आता ५,२५०. पुढच्या हंगामात पोच भाव त्या हिशेबाने चढला की धुळेवाला बघतो, आपलं खरं भाडं ३,६००, मग आपणही उचलू. शेवटी पोच भावात एकटा शहादा उरतो आणि त्याचं भाडं ६,९०० होतं. माझ्या डोळ्यांदेखत एका कारखान्यात हे दोन हंगामांत झालं आणि मालकाला वाटत राहिलं की डिझेल वाढलं म्हणून.

भावपत्रकवाली

नाना, मग उचलणाऱ्याला काहीच द्यायचं नाही का?

जुना मुनीम

द्यायचं, पण जेवढं खरंच वाचलं तेवढंच. भुसावळला १,५००. त्याचा रिकामा टेम्पो सातशेत माल नेत असेल तर आठशे त्याचे, आणि कारखान्याचं काही गेलं नाही. शिवाय पत्रकात हा आकडा ‘सूट’ म्हणून येऊ देऊ नका. ‘सूट’ हा शब्द गावोगाव पळतो.

वाणिज्याचे सर, धुळे

सीडीचा आणि ४३ टक्क्यांचा मुद्दा मान्य. पण मग बिलातच भाडं वेगळ्या ओळीत दाखवा ना. पारदर्शकही होईल आणि भाड्यावरचा १८ टक्के जीएसटीही वाचेल.

जुना मुनीम

पारदर्शक होईल, जीएसटी वाचणार नाही. माल दारात पोचवायचं कारखान्याने पत्करलं असेल तर भाडं वेगळ्या ओळीत लिहिलं तरी ते मालाच्याच किमतीत धरतात, कर पाइपाच्याच दराने. विक्रेत्याने स्वतः ट्रान्सपोर्टवाला ठरवून भाडं दिलं तर गोष्ट वेगळी.

शहादेकर

ते जाऊ द्या. आमच्या आणि नंदुरबारच्या बाजूला सुरतेकडचा माल येतो. तिकडच्या गाड्या आमच्या भावापेक्षा खाली टाकून जातात. तेव्हा तुमचा सेल्सवाला गुपचूप ३ टक्के जादा टीडी देतो. तिला काय नाव?

जुना मुनीम

‘भाडं अंगावर घेणं’. हा शब्द आमच्याच हिशेबातला आहे आणि मला आवडतो, कारण त्यात खरं काय ते सांगितलेलं असतं. सुरतेकडच्या कारखान्याला नंदुरबार जवळ पडतं, म्हणून त्याच्या बरोबरीला यायला आपण आपल्या भाड्याचा काही भाग सोसतो. हे भाड्याच्या रकान्यातच लिहावं. टीडीत लपवलं की धुळेवाला तीच टीडी मागतो, आणि धुळ्यात तर सुरतेचा त्रास तेवढा नाही. टक्क्यात दिलं की आणखी एक होतं: भाड्याशी संबंध नसलेल्या महागड्या फिटिंगवरही ते ३ टक्के लागतात.

उलट टोकही असतं. अमेरिकेत पोलाद कुठल्याही गिरणीतून निघालं तरी भाडं पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरापासून लावायचे. गिरणीशेजारच्या गिऱ्हाइकालाही न झालेल्या प्रवासाचं भाडं. १९२४ मध्ये सरकारी आदेशाने ते थांबवावं लागलं. आपल्याकडे पोलादाचं भाडं सरकारनेच देशभर सारखं केलं होतं, ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुटलं.

रावेरकडचा

नाना, भाडं किलोवर लावा ना. आमचं क्विंटलवर असतं, सगळ्यांना कळतं.

जुना मुनीम

केळी वजनाने गाडी भरते, पाइप जागेने. सहा मीटरच्या मोठ्या पाइपांची गाडी भरली तरी वजन निम्मंही होत नाही. मोठ्यात मधला, मधल्यात लहान असे सारून भरले तर त्याच गाडीत बराच जास्त माल जातो. किलोवर भाडं धरलं तर मोठे पाइप मागवणारा स्वस्तात सुटतो. म्हणून भाडं गाडीवर धरावं आणि वेगवेगळी मापं एकत्र मागवणाऱ्याला त्याचा फायदा द्यावा.

भावपत्रकवाली

हे भरणीचं मी मालकांना दाखवते. ‘अलाउन्स’ राहिला. आमचे विक्रेते गावात भिंत रंगवून घेतात, आम्ही निम्मा खर्च देतो. उचल, भिंत, पाटी, सगळं एकाच नावाखाली जातं.

जुना मुनीम

जुना शब्द आहे: ‘मुजरा’. ‘भाडं मुजरा दिलं’, म्हणजे तेवढं खात्यातून वळतं करून दिलं. सूट भावातच असते, घेणारा नुसता घेणारा असतो. मुजरा मिळायला त्याने काहीतरी केलेलं लागतं, गाडी आणली, भिंत रंगवली. म्हणून मुजऱ्याला पुरावा लागतो. भिंतीचा फोटो, गाडीची गेटपास. गेटपासवर गाडी भुसावळची आणि मुजरा शहाद्याच्या दराने असेल तर तिथेच थांबवता येतं.

शहादेकर

अर्थ पटला. पण ‘मुजरा’ छापलंत तर आमच्या दुकानात आठवडाभर तमाशाच चालेल. ‘वजावट’ लिहा.

वाणिज्याचे सर, धुळे

‘वजावट’ प्राप्तिकरात गेला. लोक वेगळंच समजतील.

भावपत्रकवाली

मी सध्या ‘फाटक भाव’, ‘पोच भाव’, ‘टीडी’, ‘सीडी’ आणि ‘उचल वजावट (प्रत्यक्ष भाड्याइतकी)’ असं लिहिलंय. भिंतीसाठी ‘भिंत खर्च, निम्मा’. मालक आता एकच पोच भाव सोडून तीन टप्पे करायचं म्हणताहेत: जळगाव-भुसावळ, धुळे-शिरपूर, शहादा-नंदुरबार.

शहादेकर

आणि दोंडाईचा कुठल्या टप्प्यात? तो दुसऱ्यात गेला तर माझं अर्धं गिऱ्हाईक तिकडून पाइप नेईल.

भावपत्रकवाली

तिथेच रेघ थांबली आहे, भाऊ.