मोटर तापतेय: खोट थायरिस्टरची की बायपासची?

बर्फवाला, मिरकरवाडा
बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरला ३० किलोवॅटची मोटर, सॉफ्ट स्टार्टरवर. सुरू होते, पण अर्ध्या तासात हात ठेववत नाही, आवाजही घोगरा. वायरमन म्हणतो एक थायरिस्टर शॉर्ट आहे, स्टार्टर बदला. बदलायचा का?

पॅनलवाला, चिपळूण
थांबा. मोटर वेगात आल्यावर बायपास ओढला की करंट थायरिस्टरऐवजी बायपासच्या कॉन्टॅक्टरमधून जातो, थायरिस्टर शॉर्ट असला तरी चालत्या मोटरला त्याचं काही नसतं. आधी तिन्ही फेजचे अँपिअर घ्या. मग प्रत्येक फेजला स्टार्टरच्या इनपुट आणि आउटपुटमधले व्होल्ट. पॅनल चालू असणार, हातमोजे घालून, सवयीच्या माणसाकडूनच.

वाडीकर, गुहागर
माझा साडेसात एचपीचा पंपही तापतो. संध्याकाळी व्होल्टेज ३५० वर येतं. लाइन बघा हो आधी.

बर्फवाला
लाइन तिन्हीकडे ४१० च्या वर आहे. अँपिअर: आर ५४, वाय ३९, बी ३८. स्टार्टरवर आर ०.२ व्होल्ट, वाय ३६, बी ३९.

डिप्लोमावाला
झालं की सिद्ध! शॉर्ट थायरिस्टरमधून मोटरमध्ये डीसी घुसतो, म्हणून तापते. बदला.

पॅनलवाला
डीसी येतो तो एका फेजच्या दोन थायरिस्टरांच्या जोडीतला एक पेटत नसला तर. शॉर्ट झालेला दोन्ही बाजूंनी तारेसारखा वाहतो. इथे तापतेय ती असमतोलाने. बायपास लागला असता तर तिन्हीकडे मिलिव्होल्टच दिसले असते, थायरिस्टर पूर्ण उघडे असते तर दीडेक व्होल्ट. ३६ म्हणजे वाय आणि बी अजून व्होल्टेज कापूनच देताहेत. ऊर्जाबचत मोड चालू आहे का बघा.
आणि आरचे ०.२ बायपासचा एकच पोल चिकटला तरी येतील. म्हणून सप्लाय काढून, कुलूप लावून, बायपासच्या तारा सोडा आणि मग ओहम मोजा. बायपास स्टार्टरच्या आतच असेल तर मात्र हे बाहेरून वेगळं करता येत नाही.

बर्फवाला
बायपास बाहेरचाच. तारा सोडल्यावरही आर अर्ध्या ओहमच्या आत, बाकी दोन्ही किलोओहममध्ये. ऊर्जाबचत चालू होती. बायपासच्या कॉइलची लग खाऱ्या हवेने हिरवी पडून तुटलेली, कॉइलला सप्लायच नव्हता.

पॅनलवाला
म्हणजे वायरमन थायरिस्टरबद्दल बरोबर होता, तापण्याचं कारण मात्र बायपास. लग बदला, मोड बंद करा, चालताना तापणं थांबेल. पण सुरू होताना असमतोल राहणारच, आणि बंद असतानाही मोटरच्या टर्मिनलवर एक फेज जिवंत असेल. दुसऱ्या फेजचाही थायरिस्टर गेला तर उभ्या मोटरमधून करंट वाहील आणि ती जळेल. स्टार्टरच्या आधी लाइन कॉन्टॅक्टर नसेल तर बसवा. ओव्हरलोड रिले बायपासच्या वाटेतही येतोय ना, तेही तपासा.

वाडीकर
किनाऱ्यावर स्टार-डेल्टाच बरा.

पॅनलवाला
त्यात तीन कॉन्टॅक्टर, हिरवे पडायला तिप्पट जागा.

डिप्लोमावाला
बायपास न आल्याने थायरिस्टर तापून शॉर्ट झाला, असं का नसेल?

पॅनलवाला
असू शकतं. हीटसिंकचा पंखा फिरतोय का ते कोणी पाहिलंय?