दहा दिवसांच्या गणपतीला झेंडू खरा की कापडी?

मंडळी,
यंदा हॉल दहाही दिवस आपल्याकडे आहे. मखराला पाच फुटी तीस माळा लागतील. खऱ्या झेंडूची माळ 8 डॉलरला, म्हणजे एका वेळचे 240, आणि तीनदा लावल्या तर 720. कापडी माळ 4 डॉलरला पडते, 120 मध्ये काम होतं. मी कापडी घ्याव्यात म्हणतो. बोला.
निखिल

निखिल, देवाला कापडाची फुलं वाहायची? जास्वंद आणि दूर्वा तरी खऱ्या हव्यात हो.
सुमनकाकू

काकू, पूजेची फुलं रोज ताजीच येणार. प्रश्न फक्त मखराचा आहे.
निखिल

तीनदा कशाला बदलायच्या? सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा, आठवडा सहज निघतो. आमच्याकडे गावी असंच करायचे.
मोहनकाका

काका, फुलांच्या दुकानात काम केलंय म्हणून सांगते. हलकं पाणी पहिल्या दिवशी ठीक. नंतर ते झेंडूच्या दाट पाकळ्यांत अडकतं आणि फूल आतून सडतं. वरून टवटवीत दिसतं, पण पाकळ्यांखालचा हिरवा भाग दाबून बघा. मऊ, काळपट लागला की दुसऱ्या दिवशी पाकळ्या खाली. बंद हॉलमध्ये ओवलेला झेंडू दोन-तीन दिवसच टिकतो. म्हणजे निखिल, माळा चार वेळा लागतील, 960 झाले.

तरी सगळं कापडी नको. डोक्याच्या वर, कमानीला आणि मागच्या पडद्याला कापडी लावा. तिथलं लांबून कळत नाही. फक्त प्लास्टिकची घेऊ नका, दिव्यात चकाकतात. केशरी आणि पिवळ्याच्या दोन-तीन छटा मिसळा, एकच रंग लगेच खोटा वाटतो. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना, जिथे लोक जवळून बघतात, तिथे खरी शेवंती पाण्यात ठेवा. पाणी बदलत राहिलात आणि देठ थोडे थोडे कापलेत तर आठवडाभर सहज राहते. कार्नेशन घेऊ नका. नैवेद्याच्या पिकलेल्या केळ्यांतून निघणाऱ्या वायूने त्याच्या पाकळ्या आत वळतात. शेवंतीला त्याचा फारसा त्रास नाही.
शुभदा

हे पटलं. पण समईजवळ काय?
निखिल

तिथे कापडी अजिबात नको. ते पॉलिएस्टर असतं, वितळून ठिबकतं. शिवाय हॉलवाल्यांना आधी विचार, बरेच जण आग-प्रतिरोधक असल्याचा दाखला मागतात. स्वस्त माळांना तो बहुतेक नसतो, आणि दाखल्याच्या घेतल्या तर तुझे 4 डॉलर राहणार नाहीत.
शुभदा

मग आमच्या परसातला झेंडू घ्या की! सप्टेंबरात भरभरून असतो. तीस माळांचा नाही होणार, दाराच्या तोरणाचा होईल.
सुमनकाकू

काकू, तोरण तुमचं. हॉलवाल्यांना आज मेल टाकतो. राहिला प्रश्न खोक्यांचा. माळा दाबून ठेवल्या की चपट्या होतात असं ऐकलंय.
निखिल

होतात, पण इस्त्रीची वाफ लांबून दिली की बऱ्याचशा फुलतात. उन्हात मात्र ठेवू नका, रंग उडतो. गॅरेज कोणाचं रिकामं आहे?
शुभदा

माझं नाही.
मोहनकाका